पोटाला हात लावायची घाई: हेड-टू-टो तपासणीच्या प्रॅक्टिकलमधल्या या चुका टाळा

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा घ्यायला बसलं की पहिल्या तासातच कळतं, कोण क्रम समजून आलंय आणि कोण पाठ करून. पाठ केलेली मुलं डोकं, मान, छाती इथपर्यंत झकास येतात. इन्स्पेक्शन, पाल्पेशन, पर्कशन, ऑस्कल्टेशन, म्हणजे आधी पाहा, मग चाचपा, मग ठोका, मग ऐका. हाच सूर धरून ती पोटापाशी पोहोचतात, पाहतात, आणि थेट हात ठेवतात. तिथे मार्क गेले.

पोटाचा क्रम वेगळा आहे: पाहा, ऐका, ठोका, आणि चाचपणी सगळ्यात शेवटी. का, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "दाबल्याने आतड्यांची हालचाल बदलते आणि आवाज चुकीचे ऐकू येतात." परीक्षेत हे उत्तर चालतं, द्या. पण हात लावल्याने आवाज खरंच किती बदलतात, यावर जाणकारांचंही एकमत नाही. मला पटलेलं कारण दुसरं आहे, आणि ते मी स्वतः तोंडघशी पडून शिकले.

मी पहिल्या वर्षाला होते. प्रॅक्टिकलला खरा रुग्ण मिळाला, पोट दुखतंय म्हणून दाखल झालेला. मी विचारलं, "कुठे दुखतं?" त्याने बेंबीच्या खाली उजवीकडे बोट दाखवलं. आणि मी, नुकतंच उत्तर सापडल्याच्या आनंदात, तिथेच बोटं रोवली. तीही खोल, आणि हात थंडगार. तो कळवळला, गुडघे वर घेतले आणि पोट फळीसारखं घट्ट केलं. त्यानंतर मी जिथे हात नेईन तिथे पोट कडक. मी ऐटीत सांगितलं, "चारही भागांत गार्डिंग आहे." स्टेथोस्कोप लावला तर तो धापा टाकत होता, मला श्वासाशिवाय काही ऐकू येईना. दहा सेकंदांत तेही जाहीर केलं, "आतड्यांचे आवाज नाहीत."

कडक पोट आणि आवाज बंद. हे खरं असतं तर सर्जनला धावत बोलवावं लागलं असतं. परीक्षक सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी रुग्णाच्या डोक्याखाली उशी दिली, गुडघ्यांखाली गुंडाळी सरकवली, हात डोक्यामागे होते ते बाजूला ठेवायला लावले. पाच मिनिटं त्याच्याशी गप्पा मारल्या. मग हात चोळून गरम केले आणि डाव्या बाजूपासून हलकेच सुरुवात केली, बोलणं चालूच. तीन भाग लोण्यासारखे मऊ. उजवीकडे खाली तेवढं दुखत होतं. आवाजही होते, नीट ऐकल्यावर. माझं "चारही भागांत गार्डिंग" मीच तयार केलेलं होतं.

तेव्हापासून माझी सवय पक्की आहे. दुखणारी जागा आधी विचारायची, आणि ती शेवटी तपासायची. आधी सगळीकडे हलकं, साधारण एक सेंटिमीटर, बोटांच्या सपाट पेरांनी. सगळीकडे हलकं झाल्याशिवाय खोल जायचं नाही. या सगळ्यात डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर. पोटाकडे काय बघता? दुखलं की आधी भुवया हलतात, तोंडातून "आई गं" नंतर येतं. आणि पोट कडक लागलं तर श्वास सोडायला सांगा. श्वास सोडताना सैल पडलं, तर तो भीतीने आवळत होता. तरीही कडकच राहिलं, तर तसं लिहा आणि लगेच सांगा.

आता ते दहा सेकंद. आतड्यांचे आवाज साधारणपणे मिनिटाला 5 ते 30 येतात, पण घड्याळासारखे सारख्या अंतराने येत नाहीत. पाचच येणार असतील तर मध्ये दहा-बारा सेकंदांची शांतता सहज पडते, आणि आमचे घाईवाले विद्यार्थी नेमके त्या शांततेत स्टेथोस्कोप उचलतात. उजवीकडे खालच्या भागापासून सुरू करा, तिथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, त्यामुळे आवाज बहुधा सापडतोच. डायफ्रॅम हलका टेकवा. "आवाज नाहीत" असं म्हणण्याआधी पूर्ण 5 मिनिटं ऐकावं असं शिकवतात. परीक्षेत तेवढा वेळ कुणी देत नाही, मान्य. मग तोंडाने सांगा: "ऐकू आले नाहीत तर मी पाच मिनिटं ऐकेन." न ऐकता "नॉर्मल आहेत" असं ठोकून देणारी मुलं मला लगेच कळतात, कारण स्टेथोस्कोपचे कानातले भाग उलटे घातलेले असतात. ती टोकं नाकाच्या दिशेने, पुढे झुकलेली हवीत.

रुग्णाच्या नाकात नळी असेल आणि सक्शन चालू असेल, तर ऐकण्यापुरतं ते बंद करायला विसरू नका. नाहीतर मशीनचा आवाज मोजाल.

पर्कशनची एकच गोष्ट सांगते, कारण निम्मी मुलं रुग्णाच्या पोटावर तबला वाजवतात. डाव्या हाताचं मधलं बोट टेकवायचं, आणि त्याचंही शेवटचं पेर तेवढं दाबून. बाकीची बोटं आणि तळवा उचललेला, नाहीतर आवाज दबतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाने त्या पेराच्या सांध्यावर दोन टोले, मनगटातून, आणि बोट लगेच वर. नखं कापून या, हे मला दर वर्षी सांगावं लागतं. पोटावर बहुतेक ठिकाणी पोकळ, ढोलासारखा आवाज येतो. यकृतावर बद्द. एकीने ओटीपोटावर बद्द आवाज ऐकला आणि तिथे गाठ असल्याचं जाहीर केलं. रुग्ण तासभर लघवी धरून बसला होता. तपासणीआधी लघवीला जाऊन यायला सांगणं हा क्रमाचाच भाग आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. गाऊनवरून छाती ऐकू नका, कापडाची खरखर कुणीही क्रॅकल्स समजेल. फुप्फुसं आधी एक बाजू पूर्ण आणि मग दुसरी अशी ऐकू नका. डावी-उजवी, डावी-उजवी करत खाली या, प्रत्येक जागी एक पूर्ण श्वास. पाठीवर खांद्याच्या पात्यावर ठोकून काही कळत नाही, तिथे हाडच आहे. मानेतल्या दोन्ही कॅरोटिड नाड्या एकाच वेळी कधीही दाबू नका. या एका चुकीवर मी थेट थांबवते.

आणि पाय. वेळ संपत आली की "खालचे अवयव नॉर्मल" म्हणून मुलं चादरीवरूनच मोकळी होतात. मोजे काढायला लावा. टाच आणि बोटांच्या बेचक्या पाहा, दोन्ही पावलांची ऊब हाताच्या मागच्या बाजूने ताडा. पावलावरची नाडी अंगठ्याकडे जाणाऱ्या कंडरेच्या जरा बाहेरच्या बाजूला, अगदी हलक्या बोटांनी शोधा. जोरात दाबलंत तर ती दबून नाहीशी होईल, आणि अंगठ्याने शोधलीत तर स्वतःचीच नाडी मोजाल.