टेप, कॅलिपर आणि वजनकाटा: अंगातली चरबी मोजताना आकडा कुठे चुकतो

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलाच एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजन आणि उंचीवरून चरबी का कळत नाही, हे यावरून स्पष्ट होतं. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट सुटलेलं अशी अंगकाठी फार आढळते, त्यामुळे चरबी वेगळी मोजण्याला अर्थ आहे.

मात्र घरी किंवा जिममध्ये वापरली जाणारी कोणतीही पद्धत चरबी थेट मोजत नाही. टेप घेर मोजते, चिमट्यासारखा कॅलिपर त्वचेच्या घडीची जाडी मोजतो आणि चरबी दाखवणारा वजनकाटा विजेला होणारा अडथळा मोजतो. त्यापुढचा टक्क्यांचा आकडा हा सूत्राने बांधलेला अंदाज असतो. म्हणून टक्के काढताना दोन प्रकारच्या चुका होतात: मोजणाऱ्या हाताच्या आणि सूत्राच्या. पहिल्या आपल्याला कमी करता येतात, दुसऱ्या फक्त ओळखता येतात.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ: पुरुष, वय ४०, उंची १६८ सेंमी, वजन ७० किलो. बीएमआय २४.८.

कंबरेचा घेर

न ताणली जाणारी टेप घ्या. शिंप्याकडची जुनी कापडी टेप वापरून लांबते, त्यामुळे ती आधी स्टीलच्या पट्टीला लावून तपासा.

१. पोट उघडं ठेवा. पाय जवळ, वजन दोन्ही पायांवर सारखं, हात बाजूला सैल.

२. काखेच्या मध्यातून सरळ खाली बोट आणत शेवटच्या बरगडीची खालची कडा चाचपा. तिथे पेनाने खूण करा.

३. त्याच रेषेत खाली कमरेच्या हाडाची वरची कडा लागते. तिथे दुसरी खूण करा. अंगावर मांस जास्त असेल तर हे हाड चटकन लागत नाही. बोटं थोडी दाबून शोधा.

४. दोन खुणांच्या बरोबर मध्यावर टेप आडवी गुंडाळा. आरशात बाजूने पाहा, कारण टेप पाठीमागे हमखास खाली घसरते.

५. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा वाचा. टेप त्वचेला टेकलेली हवी, रुतलेली नको.

६. पुन्हा मोजा. दोन आकड्यांत १ सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही सोडून नव्याने मोजा. नाहीतर सरासरी घ्या.

सगळ्यात मोठी चूक जागेची होते. बरेच जण बेंबीवर मोजतात, पण पोट सुटलं की बेंबी खाली सरकते आणि मोजण्याची जागाच बदलते. काही जण पँटच्या मापावरून सांगतात. पँट पोटाच्या खाली बसते आणि कंपन्या मापं सैल ठेवतात, त्यामुळे ३४ इंचाची पँट घालणाऱ्याचा खरा घेर ९० सेंमीच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या, पलीकडे असू शकतो. दुसरी चूक वेळेची. जेवणानंतर किंवा गॅस झालेला असताना घेर वाढतो, म्हणून सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी मोजा.

दक्षिण आशियाई लोकांसाठी धोक्याची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी आणि स्त्रियांना ८० सेंमी धरतात. उंचीचा हिशेब करायचा तर घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. आपल्या उदाहरणात घेर ९१ सेंमी आला असं समजू. उंचीचे निम्मे ८४, म्हणजे दोन्ही कसोट्यांवर तो जास्तच आहे, बीएमआय मात्र जास्त वजनाच्या २५ या सर्वसाधारण मर्यादेच्या आत. टेपला कातडीखालची आणि आतड्यांभोवतीची चरबी वेगळी सांगता येत नाही, ही तिची मर्यादा. तरीही घरच्या तिन्ही पद्धतींत आमचा सर्वाधिक भरवसा टेपवरच आहे, कारण इथे आकडा आणि माप यांच्यामध्ये सूत्रच नाही.

त्वचेच्या घड्या

यासाठी कॅलिपर लागतो आणि मोजणारा दुसरा माणूस लागतो. चांगल्या कॅलिपरची स्प्रिंग जबड्यांवर सतत सारखाच दाब देते, दर चौरस मिमीला १० ग्रॅम. स्वस्त प्लास्टिकच्या कॅलिपरमध्ये दाब अंगठ्यावर अवलंबून असतो. चरबी दाबली की चेपते, म्हणून जास्त दाबलं की आकडा कमी येतो.

डर्निन आणि वोमर्सली या संशोधकांच्या १९७४ च्या पद्धतीत चार जागा आहेत. दंडाच्या मागे, खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मध्यावर, उभी घडी. त्याच उंचीवर दंडाच्या पुढे, उभी घडी. पाठीवर खांद्याच्या फऱ्याच्या खालच्या टोकाखाली साधारण २ सेंमीवर, तिरकी घडी. आणि कुशीत, कमरेच्या हाडाच्या लगेच वर. सगळ्या जागा एकाच बाजूच्या घ्या, शक्यतो उजव्या, आणि पेनाने खुणा करा.

अंगठा आणि तर्जनीने खुणेच्या १ सेंमी वर कातडी व तिच्याखालची चरबी उचला. स्नायू चिमटीत आला अशी शंका आली तर समोरच्याला तो स्नायू आवळायला सांगा. स्नायू निसटतो, चरबी हातात राहते. कॅलिपर खुणेवर लावा, चिमूट न सोडता दोन सेकंद थांबा आणि वाचा. जास्त थांबलात तर काटा खाली सरकत राहतो. एकाच जागी लागोपाठ तीनदा मोजू नका, कारण चेपलेली चरबी लगेच वर येत नाही. चारही जागांची एक फेरी संपवा, मग दुसरी करा. व्यायामानंतर किंवा अंगाला तेल लावून मोजू नका.

आपल्या उदाहरणात दंडामागे १२, दंडापुढे ७, पाठीवर २२ आणि कुशीत २१ मिमी. बेरीज ६२. चाळिशीतल्या पुरुषांसाठीचं सूत्र आधी शरीराची घनता D काढतं आणि सिरी यांचं सूत्र तिचं चरबीत रूपांतर करतं:

```
D = 1.1620 - 0.0700 × log10(62) = 1.0365
चरबी % = 495 / D - 450 = 27.6
```

आता कुशीतली घडी खुणेपासून जरा सरकून धरली आणि २१ ऐवजी १५ मिमी आली असं धरा. बेरीज ५६ होते आणि उत्तर २६.१ टक्के. एका जागेच्या चुकीने दीड टक्का गेला. पण याहून मोठी चूक सूत्रात दडलेली आहे. हाच माणूस वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ३९ वर्षांचा होता आणि तिशीतल्या पुरुषांचं सूत्र वेगळं आहे:

```
D = 1.1422 - 0.0544 × log10(62) = 1.0447
चरबी % = 495 / D - 450 = 23.8
```

घड्या त्याच, माणूस तोच, आणि एका रात्रीत चरबी पावणेचार टक्के वाढली! ७० किलोवर हा फरक अडीच किलोंच्या वर जातो. वय वाढलं की कातडीखालच्या तेवढ्याच जाडीमागे आतली चरबी जास्त असते, असं गृहीत धरून वयोगटांची सूत्रं वेगळी केली आहेत. विचार बरोबर आहे, पण चरबी अशी पायरीने वाढत नाही. शिवाय ही सूत्रं ग्लासगोच्या लोकांवर बांधलेली आहेत, आणि धडावर चरबी साठवणाऱ्या आपल्या अंगकाठीला ती नेमकी बसतीलच असं नाही. पोटाच्या आतली चरबी तर कॅलिपरच्या चिमटीत येतच नाही.

म्हणून आमचा सल्ला: टक्के काढू नका, ६२ मिमी ही बेरीजच लिहून ठेवा. बेरजेत सूत्राची चूक नसते. आणि दर वेळी तोच हात, तोच कॅलिपर.

चरबी दाखवणारा वजनकाटा

काट्यावरच्या धातूच्या पट्ट्यांतून एक अतिशय क्षीण प्रवाह एका पायातून वर जातो आणि दुसऱ्या पायातून खाली येतो. पाण्यातून वीज सहज जाते, चरबीतून तितकी जात नाही. अडथळ्यावरून काटा अंगातल्या पाण्याचा अंदाज करतो, आणि चरबी सोडून उरलेल्या शरीरात सुमारे ७३ टक्के पाणी असतं असं धरून बाकीचा हिशेब मांडतो. प्रवाह मुख्यतः पायांतून फिरतो. पोट आणि छातीचा भाग काटा तुम्ही भरलेल्या वय, उंची, लिंग आणि वजनावरून अंदाजाने भरतो. म्हणजे आपल्याला ज्या पोटाची काळजी, तेच त्याला सर्वांत कमी दिसतं. तो दाखवतो तो ‘व्हिसरल फॅट’चा, म्हणजे आतड्यांभोवतीच्या चरबीचा, आकडाही अंदाजच असतो.

हे तपासून पाहता येतं. काट्याच्या ॲपमध्ये स्वतःचं दुसरं खातं काढा, त्यात वय दहा वर्षांनी वाढवा आणि लगेच पुन्हा काट्यावर उभे राहा. अंग तेच असूनही टक्के बदलले, तर तेवढा भाग अंगातून नव्हे, सूत्रातून आलेला आहे.

पाण्याचा खेळ आकड्यांत पाहू. काट्याने आपल्या माणसात ३८.५ लिटर पाणी धरलं. ३८.५ भागिले ०.७३ म्हणजे ५२.७ किलो बिनचरबीचं शरीर, उरलेले १७.३ किलो चरबी, २४.७ टक्के. घाम येऊन एक लिटर पाणी गेलं की काटा ३७.५ लिटरवरून ५१.४ किलो धरतो. वजन ६९ किलो झालं, चरबी १७.६ किलो, २५.६ टक्के. पाणी गेलं आणि काट्याने ते चरबी वाढल्याचं सांगितलं. उलट व्यायामाने कातडी गरम होते आणि रक्तप्रवाह वाढतो, त्याने अडथळा घटून आकडा खालीही येऊ शकतो. म्हणून व्यायामानंतरच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. नुकतंच प्यायलेलं अर्धा लिटर पाणी पोटात असताना प्रवाहाला दिसत नाही, वजनात मात्र येतं, आणि त्यातला बराचसा भाग चरबीत मोजला जातो. दिवसभर उभं राहिल्यावर पायांत पाणी उतरतं, त्यामुळे संध्याकाळी चरबी कमी दिसते. पाळीच्या आधी अंगात पाणी साठतं, तेव्हाचाही आकडा बाजूला ठेवा.

त्यामुळे सकाळी उठल्यावर, लघवी करून, काही न पिता, पाय ओलसर फडक्याने पुसून, कडक फरशीवर ठेवलेल्या काट्यावर उभे राहा. जाड भेगाळलेल्या टाचांनी अडथळा वाढतो, म्हणून तळवे किंचित ओलसर असलेले बरे. आठवड्यात किमान चार सकाळी मोजा आणि सरासरी लिहा. एका दिवसाचा आकडा वाचून काही ठरवू नका. पेसमेकर बसवलेल्यांनी हा काटा वापरू नये, आणि गरोदरपणात त्याचे टक्के धरू नयेत.

आकडे वेगळे आले तर

आपल्या माणसाला कॅलिपर २७.६ म्हणतो आणि काटा २४.७. यातलं खरं कुठलं, हे या दोन यंत्रांवरून ठरत नाही. क्ष-किरणांनी चरबी मोजणारी डेक्सा तपासणी त्यांच्यापेक्षा बरीच जवळ जाते, पण दोन वेगवेगळ्या यंत्रांचे डेक्साचे आकडेही एकमेकांशी ताडू नयेत. घरी विचारायचा प्रश्न एवढाच: माझा आकडा त्याच पद्धतीत, चुकीच्या मर्यादेपलीकडे हलला का?

समजा बारा आठवड्यांनी वजन ६८.५ किलो, घेर ८८ सेंमी, घड्यांची बेरीज ५३ मिमी आणि काट्याची आठवड्याची सरासरी २५.१ टक्के आली. काटा चरबी किंचित वाढली म्हणतो, पण ०.४ टक्के हा फरक अर्ध्या लिटर पाण्यानेही पडू शकतो. घेर ३ सेंमीने घटला आहे, मोजण्याची चूक १ सेंमीच्या आतली. बेरीज ९ मिमीने घटली. चारही जागी थोडी थोडी घटली असेल तर ती खरी, आणि सगळी घट एकट्या कुशीतच असेल तर ती खूण पुन्हा शोधून मोजून घ्यावी. इथे टेप आणि कॅलिपर एकाच दिशेने बोलत आहेत, तेव्हा चरबी घटली असं धरायला हरकत नाही. घेर अजून उंचीच्या निम्म्यापेक्षा ४ सेंमीने जास्त आहे. पुढची मोजणी महिन्याने, त्याच खुणांवर.