संपादित पुस्तकाचा सारांश: कोणाचे मत कोणाच्या नावावर?

एका लेखकाच्या पुस्तकाचा सारांश लिहिताना ‘पुस्तकात म्हटले आहे’ चालून जाते. संपादित पुस्तकात हेच वाक्य घात करते, कारण तिथे ‘पुस्तक’ काहीच म्हणत नाही; म्हणतात ते वेगवेगळे लेखक, आणि पुष्कळदा एकमेकांना छेद देत.

उदाहरणासाठी ‘द गॉड दॅट फेल्ड’ घेऊ. रिचर्ड क्रॉसमन यांनी संपादित केलेले हे पुस्तक 1949 साली आले. कम्युनिझमकडे ओढल्या गेलेल्या आणि नंतर दुरावलेल्या सहा लेखकांची त्यात आत्मनिवेदने आहेत: आर्थर कोस्लर, इग्नाझिओ सिलोने, रिचर्ड राइट, आंद्रे जीद, लुई फिशर आणि स्टीफन स्पेंडर. घाईत लिहिलेल्या सारांशात हमखास येणारे वाक्य असे: ‘या पुस्तकातील सहा माजी पक्षसदस्य आपला भ्रमनिरास सांगतात.’ वाचायला छान, पण चूक. जीद आणि फिशर पक्षाचे सदस्य कधीच नव्हते.

पहिली पायरी: अनुक्रमणिका नीट वाचा. या पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात प्रत्यक्ष पक्षात काम केलेले कोस्लर, सिलोने आणि राइट. दुसऱ्यात दुरून भक्ती करणारे जीद, फिशर आणि स्पेंडर. म्हणजे वरची चूक अनुक्रमणिकेपाशीच लक्षात यायला हवी होती. पण ही विभागणी संपादकाची आहे, हेही विसरू नका. दुसऱ्या भागातले स्पेंडर थोडा काळ का होईना, सदस्य होते. त्यामुळे भागाच्या शीर्षकावरून लेखकाविषयी विधान करू नये. ते त्याच्या लेखातूनच घ्यावे.

दुसरी पायरी: प्रत्येक लेखासाठी वेगळा कागद करा. कागदावर तीन रकाने आखा: लेखकाचे स्वतःचे म्हणणे, त्याने सांगितलेले दुसऱ्याचे म्हणणे, आणि संपादकाने त्याच्याविषयी प्रस्तावनेत लिहिलेले. सगळ्यात जास्त गोंधळ मधल्या रकान्यात होतो. लेखक खोडून काढण्यासाठी आधी विरोधकाचा युक्तिवाद तपशिलाने मांडतो, आणि आपण तोच त्याच्या नावावर टाकतो. म्हणून प्रत्येक टिपणाशेजारी पृष्ठक्रमांक लिहा आणि तो परिच्छेद कुठे संपतो तेही पाहा. ‘पण’, ‘मात्र’, ‘हे खरे मानले तरी’ असे शब्द पुढच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला दबा धरून बसलेले असतात.

प्रस्तावनेचा रकानाही वेगळाच ठेवा. सहा अनुभवांतून एक सूत्र काढणे हे संपादकाचे काम असते, पण ते सूत्र त्याचे असते. सारांशात त्याला ‘क्रॉसमन यांच्या मते’ हीच जागा.

तिसरी पायरी: शब्द कोणाचा, ते तपासा. फिशर यांच्या लेखात ‘क्रोनश्टाट’ हा शब्द खुणेसारखा येतो. 1921 मध्ये रशियातल्या क्रोनश्टाट या नौदल तळावरच्या खलाशांचे बंड सोव्हिएत सत्तेने मोडून काढले. त्या नावाने फिशर माणसाच्या श्रद्धेला निर्णायक तडा जाण्याचा क्षण दाखवतात. त्यांचा स्वतःचा क्षण 1939 च्या नाझी-सोव्हिएत कराराचा. कल्पना इतकी सोयीची आहे की ‘सहाही लेखकांनी आपापले क्रोनश्टाट सांगितले आहे’ असे लिहायचा मोह होतो. त्याऐवजी असे लिहा: ‘फिशर ज्याला क्रोनश्टाट म्हणतात, तसा क्षण जीद यांच्या बाबतीत 1936 च्या सोव्हिएत प्रवासात शोधता येईल.’ इथे शब्द फिशर यांचा, अनुभव जीद यांचा आणि जोडणी तुमची, हे तिन्ही स्पष्ट राहते.

चौथी पायरी: मराठीतला ‘ते’ पकडा. आदरार्थी ‘ते’ आणि अनेकवचनी ‘ते’ दिसायला एकच. ‘कोस्लर आणि सिलोने पक्षात होते. ते म्हणतात की…’ यात कोण म्हणतो? एकटे सिलोने की दोघे? परिच्छेदात दोन लेखक आले की सर्वनाम सोडून नाव लिहावे. नाव पुन्हा पुन्हा आल्याने भाषा जराशी जड होते, होऊ द्या. ‘असे मानले जाते’, ‘असा सूर उमटतो’ ही वाक्ये तर सरळ काढा. कर्ता लपवायचीच ती सोय आहे.

शेवटी उलट तपासणी. सारांशातले एकेक वाक्य घ्या, त्यातले नाव झाका आणि ‘हे कोणाचे?’ असे विचारून पानापर्यंत जा. पान सापडले नाही, तर ते वाक्य बहुधा तुमचेच असते.

या तपासणीत जीद यांच्या लेखापाशी थांबावे लागेल. तो त्यांनी या पुस्तकासाठी स्वतः लिहिलेला नाही. त्यांच्या आधीच्या लेखनावरून, त्यांच्याशी विचारविनिमय करून, फ्रेंच साहित्याच्या अभ्यासक इनिड स्टार्की यांनी तो सिद्ध केला. म्हणून ‘जीद लिहितात’ असे न म्हणता ‘स्टार्की यांनी सिद्ध केलेल्या लेखात जीद यांची भूमिका अशी मांडली आहे’ असे लिहावे. पहिल्या उल्लेखात एवढे आले की पुढे ‘जीद यांच्या मते’ पुरते.