या चुका टाळा: निफ्टी फ्युचरचा प्रीमियम वाचताना

राजारामपुरीतील माझ्या परिचयाचे एक हार्डवेअर दुकानदार गल्ल्याशेजारच्या वहीत रोज दुपारी निफ्टी फ्युचरच्या, म्हणजे निफ्टी निर्देशांकाच्या पुढच्या तारखेच्या सौद्याच्या, भावातून स्पॉट, म्हणजे निर्देशांकाचा त्या वेळचा आकडा, वजा करून आलेला प्रीमियम टिपतात. आकडा अधिक असला की तेजीवाले जोरात आणि उणे असला की मंदीवाले, असा त्यांचा सरळ हिशोब आहे; चूक होते ती इथेच.

फ्युचर स्पॉटच्या थोडे वर असणे हे मुळात व्याजामुळे घडते, कारण शेअर आज न घेता महिनाअखेरीस घेणाऱ्याचे पैसे तोवर व्याज मिळवत राहतात. मात्र मधल्या काळातील लाभांश त्याला मिळत नसल्याने तो त्यातून वजा होतो. समजा, स्पॉट २५,००० आहे, एक्स्पायरीला, म्हणजे फ्युचरची मुदत संपायला, २० दिवस आहेत आणि व्याजदर वार्षिक साडेसहा टक्के आहे. व्याजाचे सुमारे ८९ अंक होतात. त्यातून अपेक्षित लाभांशाचे २५ अंक काढले की रास्त प्रीमियम ६४ उरतो. अशा दिवशी फ्युचर २५,०३० ला असेल, तर वहीत ‘अधिक ३०’ लिहिले जाईल, पण प्रत्यक्षात फ्युचर रास्त भावापेक्षा ३४ अंकांनी स्वस्त आहे.

आदल्या दिवशी हाच प्रीमियम ६५ असेल, तर एक दिवस सरल्यामुळे त्यातले जेमतेम चार-पाच अंक कमी व्हायला हवेत. उरलेली तीस अंकांची घट कोणी केली, हे ओपन इंटरेस्टवरून, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांच्या संख्येवरून, कळते. ते वाढले असेल तर नवे शॉर्ट, म्हणजे आधी विक्री करणारे सौदे, उभे राहत असण्याची शक्यता अधिक. घटले असेल तर बहुधा आधी खरेदी केलेले जुने लाँगवाले सौदे कापून बाहेर पडत आहेत. दुसऱ्या प्रकाराला मंदीचा नवा डाव समजून शॉर्ट करणारे अनेकदा फसतात, कारण कापणे संपले की विक्रीचा तो दाबही ओसरतो.

शॉर्ट वाढले तरी ती मंदीची पैज असेलच असे नाही. हाती शेअर ठेवून संरक्षणासाठी इंडेक्स फ्युचर विकणाऱ्या परदेशी संस्थांचे सौदेही त्यात असतात, त्यामुळे एनएसई रोज प्रसिद्ध करते तो सहभागीनिहाय ओपन इंटरेस्टचा तक्ता सोबत पाहावा. शिवाय प्रीमियम फार फुगला तर शेअर घेऊन फ्युचर विकणारे आर्बिट्राजवाले तो लगेच खाली आणतात. उलट फ्युचर स्पॉटच्या खाली गेल्यावर पडलेला डिस्काउंट मिटवण्यासाठी शेअर उसने घेऊन विकावे लागतात, आणि आपल्याकडे ते तितके सोपे नसल्याने डिस्काउंट कित्येक दिवस टिकू शकतो.

आमच्या दुकानदारांच्या वहीत एक्स्पायरीच्या दुसऱ्याच दिवशी प्रीमियम शून्याजवळून एकदम शंभराच्या वर गेलेला दिसला आणि त्यांनी तेजीची खूण केली. प्रत्यक्षात त्यांनी त्या दिवसापासून पुढच्या महिन्याच्या फ्युचरचा भाव टिपायला घेतला होता.