दुधीचा रस कडू लागला? या चुका टाळा

सांगलीच्या आमराईत सकाळी फिरून आलं की घरी दुधीचा रस, हा अनेकांचा नेम. त्यातली सगळ्यात घातक चूक म्हणजे ‘औषध कडूच असतं’ म्हणत कडू रस नाक दाबून पिणं. दुधी मुळात कडू नसतो. तो कडू लागला, तर त्यात कुकरबिटॅसिन नावाचं विष वाढलंय, असं समजा. कारल्याच्या कडूपणाशी त्याची गल्लत करू नका. २०१८ मध्ये पुण्यात असा रस प्यायल्यानंतर एका महिलेचा मृत्यू झाला होता.

दुसरी चूक, चव न बघता थेट मिक्सर. दुधी सोलून देठाकडची आणि टोकाकडची एकेक पातळ चकती कापा. मीठ-लिंबू न लावता कच्चीच जिभेवर ठेवा, जरा चावा आणि थुंका. पान-तंबाखू खाल्ली असेल तर आधी चूळ भरा. जरासाही कडूपणा जाणवला, तर अख्खा दुधी फेका. कडू भाग तेवढा कापून चालत नाही. चार दुधी आणले असतील तर चारही चाखा. एकाच वेलाचा एक गोडसर आणि दुसरा कडू निघू शकतो, आणि उन्हाचा, पाण्याचा ताण पडलेल्या वेलाला तर जास्तच. बाहेरून कोवळा, हिरवागार दिसतो म्हणून भरवसा ठेवू नका.

रस गाळल्यावर पुन्हा चमचाभर चाखा. आवळा, आलं, काळं मीठ त्यात आधीच घातलं तर कडूपणा लपतो. कारल्याचा रस मिसळला तर मग काही कळायलाच नको! शिजवूनही हे विष जात नाही, म्हणून त्या दुधीची भाजीही करायची नाही. टाकवत नाही, हे खरं, पण टाकाच.

समजा, सातला पेलाभर कडू रस घेतला आणि साडेसातला मळमळ, पोटात कळ, मग उलट्या-जुलाब सुरू झाले. इथं बरेच जण ‘पित्त झालंय’ म्हणत गोळी घेऊन पडतात, दुपारपर्यंत वाट बघतात. तसं करू नका. कडू रसानंतर अस्वस्थ वाटलं तरी लगेच दवाखाना गाठा. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काही, रक्ताचे जुलाब, चक्कर, गार घाम, लघवी कमी होणं यांतलं काहीही दिसलं, तर आयसीयू असलेलं मोठं रुग्णालयच हवं. १०८ला फोन करा. रक्तदाब झपाट्यानं उतरू शकतो, त्यामुळे रुग्णाला गाडीवर मागं बसवून नेऊ नका. बोटं घालून उलटी काढू नका, जुलाब थांबवायची गोळीही मनानं देऊ नका.

या विषावर उतारा नाही. सलाइन देऊन रक्तदाब सांभाळणं, पोटातल्या आम्लावर औषध, रक्त जात असेल तर एंडोस्कोपी, असा उपचार असतो. डॉक्टरांना नुसतं ‘उलट्या होतायत’ सांगितलं तर ते साधं अन्नबाधेचं प्रकरण समजू शकतात. म्हणून दुधीचा रस, तो कडू होता, किती घेतला आणि किती वाजता, हे आधी सांगा. उरलेला रस बाटलीत भरून सोबत न्या.