बॅकटेस्टमधलं स्लिपेज स्वतःच्या फिल्सवरून कसं ठरवावं

‘दोन बेसिस पॉइंट धर आणि सोडून दे’ हा सल्ला मी अनेकदा ऐकलाय. ते दोन आले कुठून, हे मात्र कोणी सांगत नाही. आपले लाइव्ह फिल्स हाताशी असताना दुसऱ्याचा आकडा कशाला घ्यायचा?

ऑर्डर लॉग काढा. एकच ऑर्डर तुकड्यांत भरली असेल तर संख्येनुसार भारित सरासरी घेऊन तिचा एक भाव करा. मग प्रत्येक ऑर्डरला हे सूत्र लावा. खरेदीला `side` 1, विक्रीला -1. उत्तर धन आलं तर तोटा.

```
slip = side * (fill - ref) / ref * 10000
```

सगळी गोम `ref` मध्ये आहे. मी कित्येक महिने तिथे ऑर्डर पाठवतानाचा भाव घालत होतो. आकडे सुरेख यायचे, पण खातं बॅकटेस्टच्या मागेच राहायचं. माझा बॅकटेस्ट कॅंडलच्या बंद भावाला, समजा 500.00 ला, खरेदी झाली असं धरायचा. प्रत्यक्षात सिग्नल तयार होऊन ऑर्डर निघेपर्यंत भाव 500.20 व्हायचा आणि फिल 500.25 ला यायचा. ऑर्डरच्या भावावरून मोजलं तर स्लिपेज 1 बेसिस पॉइंट, बॅकटेस्टच्या भावावरून मोजलं तर 5. खिशातून गेले ते 5. म्हणून `ref` म्हणजे त्या ट्रेडला बॅकटेस्टने धरलेलाच भाव, दुसरा कुठलाही नाही. स्टॉपलॉसला तो स्टॉपची पातळी असतो; बॅकटेस्ट तिथेच बाहेर पडतो.

मध्यक घेऊ नका, सरासरी घ्या. आणि ‘तो दिवसच विचित्र होता’ म्हणून वाईट फिल्स गाळू नका. पैसे त्याही दिवशी गेलेच होते.

सगळ्यांची मिळून एकच सरासरीही नको. समजा 120 ट्रेड झालेत. प्रवेशाचं स्लिपेज 3 आलं, टार्गेटवरच्या 70 एक्झिटचं 1, स्टॉपलॉसच्या 50 एक्झिटचं 11. बॅकटेस्टमध्ये निम्मे ट्रेड स्टॉपवर संपत असतील तर दर ट्रेडचा खर्च 3 + 0.5 × 1 + 0.5 × 11, म्हणजे 9 होतो. स्लिपेजआधीचा सरासरी नफा 14 असेल, तर दोन्ही बाजूंना 2-2 धरून दिसणारा 10 चा नफा आता 5 वर येतो.

तो 11 सुद्धा फक्त 50 नोंदींवरून आलाय. त्यांचं प्रमाण विचलन 12 असेल तर सरासरीतली प्रमाण त्रुटी 12 / √50, म्हणजे साधारण 1.7. मी तिच्या दुप्पट वाढवून 14.4 नेही एकदा चालवतो. नफा 3.3 उरतो, आणि ट्रेडचा आकार मी त्यावरच ठरवतो. आकार बराच वाढवला की मोजणी पुन्हा करायची, कारण लहान ऑर्डरचं स्लिपेज मोठीला लागू पडत नाही.

शेवटी लाइव्हच्याच तारखांवर नव्या आकड्यांनी बॅकटेस्ट चालवा आणि ट्रेड शेजारी शेजारी ठेवून पाहा. तरीही मोठी तफावत उरली तर स्लिपेज आणखी फुगवू नका. आधी न भरलेल्या लिमिट ऑर्डर शोधा. बॅकटेस्टने त्या भरल्या असं धरलेलं असतं, आणि तुमच्या फिल्सच्या यादीत त्यांची नोंदच नसते.