टिक-टिक आली की टॅपेट आवळू नका: उस्तादांकडे शिकलेला एक आवाज

बाइकच्या कामात नवीन असाल तर इंजिनचे पार्ट तुम्हाला माहीत असतीलच, ते परत सांगत नाही. मी फक्त एका आवाजाबद्दल लिहितोय, हेडकडून येणारी टिक-टिक, कारण नवीन पोरं सगळ्यात जास्त इथेच फसतात आणि मी पण इथेच फसायचो.

आमचे उस्ताद आयुष्यभर वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडून रिटायर झालेले, मग गल्लीच्या तोंडाशी रिपेअरची टपरी टाकून बसले. मी शाळा सुटली की तिथे. एकदा एक दीडशे सीसीची गाडी आली, टिक-टिक चालू. आधीच्या गॅरेजात दोनदा टॅपेट आवळून झालेले, आवाज तसाच, वर गरम झाल्यावर गाडी स्टार्ट व्हायला त्रास. मी सरळ टॅपेट कव्हरच्या बोल्टला पाना लावला तर उस्ताद म्हणाले, "पाना ठेव. आधी मला सांग, आवाज दर फेऱ्याला येतोय का एक सोडून एक?"

हे नीट समजून घ्या. फोर स्ट्रोक इंजिनात कॅम क्रँकच्या निम्म्या स्पीडने फिरतो. आयडलिंग 1400 असेल तर टॅपेटचा आवाज मिनिटाला 700 वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण 12. क्रँककडचा आवाज दर फेऱ्याला, म्हणजे त्याच्या दुप्पट. मोजता येत नाही एवढं, पण फरक कळतो: निम्म्या स्पीडचा आवाज टिक-टिक-टिक असा सुटा सुटा, आणि दुप्पटवाला जवळजवळ घरघर. आमचा सुटा सुटा होता. मी खूश होऊन म्हटलं, "म्हणजे टॅपेटच ना?"

सापळा इथे आहे. एक्झॉस्ट पण दोन फेऱ्यात एकदाच बाहेर पडतो! हेड आणि बेंड पाइपच्या मधलं पॅकिंग गेलं की तिथून जो गॅस फुटतो तो टॅपेटच्याच तालात टिकटिकतो, हुबेहूब. ताल फक्त एवढंच सांगतो की आवाज दोन फेऱ्यात एकदा होतोय, कुठून होतोय ते नाही सांगत.

मग उस्तादांनी लांब स्क्रू ड्रायव्हर दिला, टोक टॅपेट कव्हरच्या बोल्टवर आणि मूठ कानापुढच्या हाडावर. (चेन, मॅग्नेटसारख्या फिरत्या भागापासून लांब राहा, बाह्या वर करा.) टॅपेट ढिला असेल तर तिथे टणक, धातूवर धातू असा ठोका येतो. आम्हाला तिथे जवळजवळ काहीच नाही, हवेत मात्र टिक-टिक जोरात. नंतर त्यांनी जाड फडकं घेऊन सायलेन्सरचं तोंड दोनच सेकंद अर्धं दाबलं आणि आवाज एकदम वाढला, टिक-टिकची फट-फट झाली. टॅपेटला सायलेन्सरच्या तोंडाशी काही देणंघेणं नसतं, त्यामुळे इथे निकाल लागला. खाली वाकून पाहिलं तर बेंड पाइपच्या जॉइंटपाशी काजळीचा काळा पट्टा.

"गरम झाल्यावर आवाज कमी होतो म्हणजे लीकेज" असं पण काहीजण सांगतात, त्यावर एकट्यावर जाऊ नका, कारण पिस्टन ढिला असला तरी त्याचा आवाज गरम झाल्यावर कमी होतो. आणि फोनवर आवाज रेकॉर्ड करून दहा जणांना विचारणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, फोनमध्ये सगळे आवाज एका पातळीवर येतात, दिशा तर कळतच नाही.

आता टॅपेट आवळून ठेवले होते त्याचं काय? हे सगळ्यात वाईट. आवाज बंद होईपर्यंत टॅपेट आवळला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकूनच जाते, टेकला नाही की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. आधी कॉम्प्रेशन जातं, आणि गरम गाडी स्टार्ट न होणं हे त्याचंच पहिलं लक्षण. गप्प बसलेल्या टॅपेटला मी आजही घाबरतो.

त्या दिवशी फक्त पॅकिंग बदललं. टॅपेटचा गॅप गरम इंजिनावर बघायचा नसतो म्हणून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी मॅग्नेटची टी खूण जुळवली, कॉम्प्रेशनवर, म्हणजे दोन्ही टॅपेट मोकळे पाहिजेत, नसतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरवा. एक्झॉस्टला गॅप मोजायची सगळ्यात पातळ 0.05 मिमीची पट्टी पण जाईना. कंपनीच्या पुस्तकात त्या गाडीला 0.10 होतं, तेवढं लावलं. (तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या पुस्तकातून घ्या.) पट्टी हलकी घासत सरकली पाहिजे, अडकली नाही पाहिजे.

पहिले दोन-तीनदा चुकेल, हरकत नाही, कान बसायला वेळ लागतो. पण जो उस्ताद तुमच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून स्वतःच ऐकतो त्याच्याकडे थांबू नका. आमच्या उस्तादांनी निकाल माहीत असूनही मला आधी बोलू दिलं.

मालक गाडी न्यायला आले, स्टार्ट केली आणि म्हणाले, "बारीक टिक-टिक आहे अजून." उस्तादांनी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या कानाला लावून दिला. "हा टॅपेटचा, आणि हा असाच राहू द्यायचा. गरम झाल्यावर बंद करून परत स्टार्ट करून बघा." त्यांनी एक चक्कर मारली, बंद केली, आणि गाडी पहिल्या किकला उचलली.