थकलेला पगार कोर्टातून मागताय? या चुका टाळा

कसबा बावड्याच्या कोर्टात मी वकिलांचा कारकून आहे. पगार बुडालेला माणूस आमच्या टेबलापाशी येतो, तो बहुतेक वेळा उशिराच. आल्या आल्या विचारतो, "किती दिवसांत पैसे मिळतील?" पहिला पगार कोणत्या महिन्याचा थकला, हे मात्र त्याला आठवत नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मुदतीची. पगाराच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, एवढं लोकांना ऐकून माहीत असतं. ती नोकरी सुटल्यापासून मोजायची, असं ते धरून चालतात. तसं नाही. ज्या दिवशी पगार देणं लागतं, त्या दिवसापासून त्या पगाराची तीन वर्षं सुरू होतात. म्हणजे प्रत्येक महिन्याचं घड्याळ वेगळं.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतला सुपरवायझर 20 जुलै 2019 ला आला. पगार 38 हजार, नेमणूकपत्रात लिहिलेलं की पुढच्या महिन्याच्या 7 तारखेला मिळेल. एप्रिल ते सप्टेंबर 2016 असे सहा महिने मालकानं काही न सांगता पगार थांबवला होता, मग यानं काम सोडलं. एकूण 2 लाख 28 हजार. हा निर्धास्त. "सप्टेंबरात सोडलं की ओ, अजून दोन महिने हाईत."

मी फुलस्केप पुढं ओढला. एप्रिलचा पगार 7 मे 2016 ला देणं होता, त्याची मुदत मे 2019 मध्ये संपली. तेव्हा कोर्टाला उन्हाळी सुट्टी होती असं धरलं, तरी कोर्ट उघडल्याच्या दिवशी दावा पडायला हवा होता. मेचा पगार जूनमध्ये गेला, जूनचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. उरले जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर. 1 लाख 14 हजार रुपये आमच्या डोळ्यांदेखत बाद झाले.

वाचवता आले असते का? आले असते. 2018 मध्ये मालक सही करून बाकीची चिठ्ठी द्यायला तयार होता. मुदत संपायच्या आत देणेकऱ्यानं सहीनिशी बाकी कबूल केली, तर त्या सहीच्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजतात. यानं मालकाला सांगितलं, "राहू दे मालक, विश्वास हाय." दिवाळीला दहा हजार रोख घेतले, तेही बिनकागदाचे. तोंडी कबुलीनं मुदत वाढत नाही. रोख दिलेल्या रकमेचीही देणाऱ्याच्या हातची किंवा सहीची नोंद लागते. वकिलाची नोटीस पाठवली की घड्याळ थांबतं, हाही एक लाडका गैरसमज. नोटिशीनं काहीच थांबत नाही.

म्हणून माझी सवय अशी: अर्जातली भाषा नंतर, आधी चार रकाने. महिना, रक्कम, देणं लागल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख. शेवटचा रकाना लाल शाईनं. ज्यांना हे कंटाळवाणं वाटतं आणि "तुम्ही दावा टाका ओ, बाकीचं बघू" म्हणतात, त्यांचंच पुढं अडतं.

दुसरी चूक प्रतिवादीच्या नावाची. उद्यमनगरातल्या एका टर्नरनं बोर्डावरचं नाव बघून दावा लावला. उत्तरात कळलं की बोर्ड वडिलांच्या जुन्या फर्मचा आणि पगार देणारी फर्म मुलाच्या नावावर. मुलाला नंतर सामील केलं, पण नव्यानं आलेल्या प्रतिवादीविरुद्ध दावा त्याला सामील केल्याच्या दिवशी लागला असं धरतात. चूक प्रामाणिक होती, हे कोर्टाला पटवावं लागतं, तरच जुनी तारीख मिळते. त्यात त्याचं दीड वर्ष गेलं. पासबुकात पगार जमा झालेल्या ओळीत कोणाचं नाव आहे, ते आधी वाचा. मग फर्मच्या एखाद्या बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाका, कायदेशीर नाव समोर येतं. दहा मिनिटांचं काम.

बाकीच्या चुका थोडक्यात. दिवाणी कोर्ट हीच जागा आहे का, हे आधी विचारा: जुन्या वेतन कायद्यात 24 हजारांपर्यंत पगार असलेल्यांना तिथला दावा बंदच होता, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्याखाली कामगार खात्याकडं अर्ज करता येतो, त्यालाही मुदत तीनच वर्षं.

थकलेले सगळे महिने एकाच दाव्यात घाला. "आधी तीन महिन्यांचं मागू, उरलेलं नंतर" म्हणून सोडलेला भाग पुन्हा मागता येत नाही.

व्हॉट्सअॅपवरच्या "देतो, देतो"ची नुसती प्रिंट आणू नका, सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. आणि तो फोन विकू नका. त्या सुपरवायझरनं विकला होता.